कोऱ्या फॉर्मवरची सही

२०१९ च्या दिवाळीआधी मी माझी जुनी गाडी विकली. घेणारा एजंट होता. त्याने पैसे लगेच खात्यावर टाकले, फॉर्म २९ आणि ३० वर पेन्सिलीने फुल्या करून ठेवलेल्या जागी माझ्या सह्या घेतल्या, आधारची झेरॉक्स घेतली आणि आरसीचं कार्ड घेऊन गेला. फॉर्मवर घेणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी होती, तारीखही नव्हती. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गिऱ्हाईक ठरलं की आम्ही भरतो, काका. सगळे असंच करतात." सगळे असंच करतात हे खरंच होतं, म्हणून मीही सही केली.

चौदा महिन्यांनी माझ्या मोबाइलवर वेगमर्यादा ओलांडल्याचं ई-चलन आलं. नंतर आणखी दोन आली. एजंटाचा नंबर बंद होता. परिवहन विभागाच्या नोंदीत गाडी अजून माझ्याच नावावर होती. पुढे एके दिवशी बार्शीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. गाडी त्याच्याकडे होती. माझ्यापासून त्याच्यापर्यंत ती आणखी दोन हातांतून फिरली होती आणि पूर्ण पैसे मोजूनही ती त्याच्या नावावर होत नव्हती, कारण ऑनलाइन अर्ज करायला गेलं की ओटीपी माझ्या मोबाइलवर येत होता. दोन वर्षं तो माणूस दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवत होता, आणि मी हाती नसलेल्या गाडीचा मालक होतो. आम्ही दोघांनीही कोणाला फसवलं नव्हतं.

जुनी गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, पत्र्याला हात लावून रंग काढलाय का ते पाहतात, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतात. कागदांच्या बाबतीत मात्र "पेपर क्लिअर आहेत ना?" एवढंच विचारून मोकळे होतात. सगळा गोंधळ नेमका तिथे होतो. विकणाऱ्याने सही केल्यापासून सरकारी नोंदीत नाव बदलेपर्यंतचा जो काळ असतो, त्यात कायद्याच्या दृष्टीने गाडी कोणाची, हे आधी समजून घ्यायला हवं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २ मध्ये मालकाची व्याख्या आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो मालक. (गाडीवर कर्ज असेल तर कर्जकरारानुसार जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक धरली जाते.) पैसे कोणी दिले, गाडी कोणाच्या दारात उभी असते, स्टॅम्प पेपरवर काय लिहिलंय, याने ही व्याख्या बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. नोंदीत नाव असलेल्या मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती आणि ताबाही दिला होता. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, पण नोंदीत नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला, त्यात एकाचा जीव गेला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने निकाल दिला की भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकाचीच. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालामागचा विचार साधा आहे. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कोणी कोणाला विकली याची साखळी शोधत फिरायची नाही. नोंदीत जो आहे तो जबाबदार.

हा निकाल विकणाऱ्याला घाबरवणारा वाटतो, पण घेणाऱ्यानेही तो उलट बाजूने वाचावा. नोंदीत नाव येईपर्यंत गाडी आपली झालेली नसते. ज्याचं नाव नोंदीत आहे त्याची सही आणि त्याचा मोबाइल आपल्याला लागणार असतो. तो माणूस सापडला नाही, वारला, परगावी गेला, किंवा त्याने गाडी विकायला म्हणून दिलीच नव्हती असं निघालं, तर आपले पैसे अडकतात.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात होतं. ती चिंचवडला राहते. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानात तिने २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक पाहून ठेवली होती. एमएच १४ पासिंग, एकच मालक, किंमत ४ लाख १० हजार. "मामा, मेकॅनिकने ओके केलीय, तू फक्त पेपर बघ," असं म्हणून तिने मला सोबत नेलं.

दुकानदाराने आरसीचं कार्ड पुढे केलं. ते मी हातात घेतलं, पण आधी मोबाइल काढला. कार्ड ही नोंदीची छापील प्रत असते, खरी नोंद परिवहन विभागाच्या 'वाहन' या प्रणालीत असते. vahan.parivahan.gov.in या संकेतस्थळावर Know Your Vehicle Details मध्ये स्वतःच्या मोबाइल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला की नोंद दिसते. mParivahan अॅपमध्येही दिसते. मालकाचं पूर्ण नाव तिथे दिसत नाही, मधली अक्षरं तारांकित केलेली असतात. पण कार्डावरच्या नावाशी सुरुवातीची अक्षरं जुळतात का एवढं कळतं. नोंदणीची तारीख, इंधन, कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, आणि आरसीची स्थिती एवढं पाहायचं. स्थिती ACTIVE असायला हवी. तिथे गाडी काळ्या यादीत असल्याचं किंवा दुसऱ्या राज्यात न्यायला एनओसी दिल्याचं दिसलं, तर त्याचं कारण कागदासह कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

भाचीच्या गाडीची नोंद उघडली. स्थिती ठीक होती. नाव निगडीच्या एका गृहस्थांचं, कार्डाशी जुळणारं. नोंदणी १४ मार्च २०१७ ची, म्हणजे खासगी गाडीला मिळणारी पंधरा वर्षांची मुदत २०३२ च्या मार्चपर्यंत. आणि त्याखाली एका बँकेचं नाव.

"लोन कधीच फिटलंय," दुकानदार लगेच म्हणाला आणि फाइलमधून बँकेचं पत्र काढलं. कर्ज पूर्ण फिटल्याचं, हरकत नसल्याचं पत्र. ते खरंच होतं. पण त्यावरची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे पत्र तारखेपासून तीन महिन्यांपर्यंतच ग्राह्य.

इथे बहुतेक जण चुकतात. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो तसा गाडीच्या नोंदीत वित्त संस्थेचा बोजा असतो. कर्ज फिटलं म्हणून सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप निघत नाही, तलाठ्याकडे जाऊन फेरफार करावा लागतो. गाडीचंही तसंच. कर्ज फिटल्यावर बँक हरकत नसल्याचं पत्र देते आणि त्यासोबत फॉर्म ३५ दोन प्रतींत देते. फॉर्म ३५ वर मालकाची आणि बँकेची अशा दोन्ही सह्या हव्यात, बँकेचा शिक्का हवा. तो घेऊन मालकाने आरटीओकडे बोजा उतरवायचा अर्ज करायचा. लाखो लोक शेवटचा हप्ता भरून निश्चिंत होतात आणि हा अर्ज करतच नाहीत. बँकेचं पत्र कपाटात पडून राहतं, मुदत संपते, आणि गाडी विकायच्या दिवशी नोंदीत बँकेचं नाव तसंच असतं.

घेणाऱ्याने ही अडचण आपल्या डोक्यावर घ्यायची नाही. कारण बँकेकडे नवं पत्र मागायचा अधिकार कर्जदाराचा आहे, आपला नाही. दुकानदार म्हणाला, "ते ट्रान्सफरबरोबरच होऊन जाईल, आमचा आरटीओचा माणूस आहे." मी म्हटलं, बोजा उतरल्याचं स्क्रीनवर दिसलं की टोकन देतो. तो नाराज झाला, पण त्याने मालकाला फोन लावला. निगडीचे गृहस्थ सज्जन निघाले. ते बँकेत गेले, नऊ दिवसांत नवं पत्र आणि नवा फॉर्म ३५ मिळाला, बोजा उतरवायचा अर्ज त्यांनीच केला. त्या नऊ दिवसांत भाचीचे दोन फोन आले, "मामा, गाडी दुसऱ्याला गेली तर?" मी तिला सांगितलं, गेली तर जाऊ दे.

पतसंस्थेचं कर्ज ही आणखी एक गोष्ट आपल्याकडे लक्षात ठेवायला हवी. काही ठिकाणी पतसंस्था किंवा खासगी सावकार मूळ आरसी स्वतःकडे ठेवून पैसे देतात आणि नोंदीत बोजा चढवतच नाहीत. मग मालक कार्ड हरवल्याची तक्रार देऊन दुसरी प्रत काढतो आणि गाडी विकतो. म्हणून आरसी दुय्यम प्रत असेल तर मूळ कशी हरवली हे विचारायचं, पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत मागायची, आणि सांगणारा माणूस कितपत घुटमळतो ते पाहायचं. मालकाच्या डिजिलॉकरमधली आरसी त्याच्याच मोबाइलवर उघडून दाखवायला सांगणं हाही चांगला उपाय आहे. ती थेट सरकारी नोंदीतून येते, त्यामुळे बनावट कार्ड तिथे टिकत नाही. शिवाय मालक समोर आहे आणि आधारवरचं नाव तेच आहे, हेही त्याच वेळी कळतं.

स्क्रीन आणि कार्ड जुळलं, म्हणजे कागद कागदाशी जुळला. तो कागद याच गाडीचा आहे का, हे पाहायचं राहतं. त्यासाठी चेसिस नंबर. सतरा अक्षरं आणि अंक मिळून तो होतो, आणि तो गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. काही गाड्यांत बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर, काहींत पुढच्या सीटखाली गालिच्याचा तुकडा उचलला की दिसतो. आरटीओच्या कामाला त्याची पेन्सिल प्रिंट लागते. नंबरवर पातळ कागद धरायचा आणि लहानपणी नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासायचो तशी घासायची, की अक्षरं पांढरी उमटतात. ती प्रिंट एजंटाने आणून दिली तर घेऊ नये, स्वतःच काढावी.

भाचीने बॉनेट उघडून ती काढली. पहिला कागद फाटला, दुसऱ्यावर नीट उमटली. मग मोबाइलच्या टॉर्चमध्ये आम्ही एकेक अक्षर कार्डाशी ताडून पाहिलं. या सतरा अक्षरांत इंग्रजी I, O आणि Q कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. त्यामुळे कार्डावर चेसिस नंबरात O दिसला तर ती छपाईतली चूक तरी असते किंवा बनावट तरी. ८ आणि B, ५ आणि S यांचीही गल्लत होते. ती चूक साधी कारकुनी असली तरी दुरुस्ती नोंदीतल्या मालकालाच करून घ्यावी लागते, म्हणून ती विकत घेण्याआधी करून घ्यायची.

चेसिस इतकं बारकाईने का पाहायचं, हे सांगायला हवं. मोठ्या अपघातात गाडी दुरुस्तीपलीकडे गेली की विमा कंपनी 'टोटल लॉस' धरून मालकाला पैसे देते आणि भंगार विकलं जातं. त्या भंगारासोबत खरी आरसीही बाहेर जाते. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, तिचा चेसिस नंबर घासून काढायचा किंवा तेवढा पत्रा कापून अपघातग्रस्त गाडीचा पत्रा तिथे वेल्डिंगने बसवायचा. कागद सगळे खरे, ऑनलाइन नोंदही खरी, फक्त गाडी चोरीची. ही लबाडी स्क्रीनवर पकडता येत नाही, बोटांना मात्र कळते. कारखान्यात ठोकलेली अक्षरं एका ओळीत, एका उंचीची आणि सारख्या खोलीची असतात. नंतर हाताने ठोकलेली वरखाली होतात, अंतरं कमीजास्त होतात. आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा तिथला रंग जाड किंवा वेगळ्या चमकेचा असतो, कानशीचे ओरखडे राहतात, कडेने वेल्डिंगची रेघ जाणवते. दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असेल तर त्यावरचा नंबरही ताडावा. त्याच चेसिस नंबरावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास मिळाला तर उत्तम. गाडी कोणत्या साली कोणी आणली, तेव्हा किती किलोमीटर झाली होती, मोठं काम कधी निघालं, हे त्यात असतं. चोरीच्या नोंदी तपासायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' ही सोयही आहे. गाडी कुठल्या पोलीस ठाण्यात चोरीला गेल्याची नोंद आहे का, हे नंबरांवरून तिथे पाहता येतं.

आमची प्रिंट जुळली. मग चलनं. mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबराचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेला दंड दिसतो. या गाडीवर दोन होती, एकूण दीड हजारांची. मालकाने ती तिथल्या तिथे भरली. रक्कम छोटी असते, पण थकलेल्या चलनापायी नाव बदलायचं काम अडू शकतं, आणि तोपर्यंत पैसे देऊन बसलेले आपणच असतो. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही याच वेळी पाहून घ्यावं. ती नसेल तर मालकी हस्तांतरण आणि बोजा चढवणं-उतरवणं ही कामं थांबवण्याचं धोरण महाराष्ट्रात आलं आहे.

यानंतर दुकानदाराने ड्रॉवरमधून फॉर्म २९ आणि ३० काढले. सह्या केलेले. नाव, तारीख, सगळं कोरं. माझ्या गाडीच्या वेळी जसे होते, अगदी तसेच.

हे दोन फॉर्म काय सांगतात ते नीट पाहू. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला दिलेली सूचना आहे. मी ही गाडी अमुक तारखेला अमुक माणसाला दिली, आरसी आणि विम्याचे कागद त्याच्या हवाली केले, असं तो त्यात लिहून देतो. तो दोन प्रतींत लागतो. फॉर्म ३० हा नाव बदलून द्या असा अर्ज आहे. त्याच्या एका भागात विकणाऱ्याची सही, दुसऱ्या भागात घेणाऱ्याची, आणि गाडीवर कर्ज असेल तर वित्त संस्थेच्या संमतीची जागाही त्यातच आहे. म्हणजे हे फॉर्म कोऱ्या कागदासारखे वापरायचे नाहीतच. त्यात एक घडलेली गोष्ट लिहायची आहे. अमुक दिवशी गाडी दिली. ती तारीख आणि ते नाव रिकामं ठेवलं तर त्या सहीला अर्थ राहत नाही. कोऱ्या फॉर्मवरच्या सहीच्या जोरावर गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, मधले व्यापारी नोंदीत कुठे दिसतच नाहीत, आणि शेवटी ज्याला नाव लावायचं आहे त्याच्या हातात अनोळखी माणसाची दोन-तीन वर्षांपूर्वीची सही उरते. तीही कधीकधी खरी नसते.

ही साखळी थांबवायला नियमही केला गेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं आहे. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तसं पोर्टलवर कळवायचं, आणि मग गाडी विकली जाईपर्यंत तो अधिकृत व्यापारी त्या गाडीचा मालक मानला जातो. म्हणजे मधल्या काळातला अपघात, दंड, सगळं त्याच्याकडे. त्यामुळे दुकानात शिरल्यावर अधिकारपत्र आहे का हे विचारणं हा आपला हक्क आहे. आमच्या दुकानदाराकडे ते नव्हतं. "प्रोसेसमध्ये आहे," म्हणाला.

तेव्हा आम्ही सरळ एकच गोष्ट मागितली. कोरे फॉर्म बाजूला ठेवा, निगडीच्या गृहस्थांना इथे बोलवा, नवे फॉर्म भरू. ते रविवारी सकाळी आले. निवृत्त शिक्षक होते. त्यांनी आणि भाचीने एकमेकांसमोर फॉर्म भरले, तारीख घातली, सह्या केल्या. मी त्यांना त्यांच्या पॅन कार्डावरची सही दाखवायला सांगितली आणि तशा सांगण्याबद्दल माफीही मागितली. ते म्हणाले, "अहो, विचारा की. मी कोरे फॉर्म दिले तेव्हा मलाच कोणी विचारलं नव्हतं." जुने सही केलेले फॉर्म त्यांनी दुकानदाराकडून परत घेतले आणि आमच्यासमोर फाडले.

पुढची अडचण मोबाइलची होती. ऑनलाइन अर्ज करताना गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकावे लागतात आणि ओटीपी नोंदीतल्या मोबाइलवर जातो. २०१७ मध्ये गाडी घेताना शोरूमने टाकलेला नंबर सरांनी केव्हाच बंद केला होता. तो आधी बदलून घ्यावा लागला. त्यासाठी एक दिवस गेला, पण बार्शीच्या त्या शेतकऱ्यासारखी दोन वर्षं नाही गेली. मालकाच्या नावापुढे व्यापाऱ्याचा मोबाइल नोंदवलेला आढळला तर त्याचं कारण मात्र खोदून विचारावं. कारण मग मालकाला पत्ताही न लागता अर्ज पुढे सरकू शकतो.

सर जिवंत होते, समोर होते, म्हणून हे सोपं गेलं. अनेकदा गाडी वडिलांच्या नावावर असते, वडील गेलेले असतात, आणि मुलगा ती विकत असतो. तो खोटं बोलत नसतो, घरातली गाडी विकायचा आपल्याला अधिकार आहे असं त्याला मनापासून वाटत असतं. पण गेलेल्या माणसाच्या जुन्या सहीवर फॉर्म २९ चालत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मग विकायची. घरातला एखादा भाऊ किंवा बहीण नंतर हरकत घेते तेव्हा घेणाऱ्याचे हाल होतात. म्हणून अशा गाडीचा व्यवहार पहिलं नाव बदलेपर्यंत थांबवावा, माणसं कितीही ओळखीची असली तरी.

परराज्यातली गाडीही अशीच थांबून पाहायची. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत, त्यामुळे तिकडून गाड्या स्वस्तात येतात. पण मूळ आरटीओची एनओसी, इथला एकरकमी कर आणि नवा नंबर हे सगळं धरल्यावर ती स्वस्त राहते का, हे कागदावर मांडून पाहावं. परराज्याच्या नंबरावर गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घेणं कायद्याने भाग आहे.

पैशांचं आम्ही असं ठरवलं. बोजा उतरल्याचं दिसल्यावर टोकन २० हजार. फॉर्म भरून अर्ज क्रमांक मिळाल्यावर ३ लाख ४० हजार, सरांच्या आणि दुकानदाराच्या हिशेबाप्रमाणे दोन खात्यांत, रोख काहीच नाही. उरलेले ५० हजार नोंदीत भाचीचं नाव आल्यावर. दुकानदार शेवटच्या अटीवर बराच अडून बसला. पण नाव लावायचं काम त्याचाच माणूस करणार होता, आणि ५० हजार अडकलेले असले की काम कसं पुढे सरकतं हे तोही जाणून होता. गाडी ताब्यात घेताना एक डिलिव्हरी नोट लिहिली. त्यावर तारखेबरोबर वेळही घातली, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. त्याआधीचं चलन सरांचं, नंतरचं भाचीचं. एक प्रत सरांनी नेली.

कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विम्यासाठीही १४ दिवस आहेत. या विम्याबाबत फार गैरसमज आहे. गाडी विकली की त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. पॉलिसीवर नाव बदलून घेतल्याशिवाय अपघात झाला तर कंपनी आपल्या गाडीचा दावा नाकारू शकते, आणि नाकारते. शिवाय दावा न केल्याबद्दलची सवलत माणसाची असते, गाडीची नसते. ती सरांकडेच राहिली, त्यामुळे भाचीला विम्याच्या हप्त्यातला तेवढा फरक भरावा लागला. तिने तो चौथ्या दिवशी, फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती दाखवून भरला.

तेविसाव्या दिवशी रात्री तिने मला स्क्रीनचा फोटो पाठवला. मालकाच्या नावाच्या जागी आता तिच्या नावाची सुरुवातीची दोन अक्षरं होती, पुढे तारे. बँकेच्या नावाची ओळ रिकामी होती. तिने ५० हजार त्याच रात्री पाठवले आणि सरांनाही तो फोटो पाठवला. कार्ड पोस्टाने पुढच्या आठवड्यात आलं. पत्त्यात सदनिकेचा क्रमांक चुकला होता, तो दुरुस्त करायचा अर्ज तिने आता केला आहे.